तांब्याच्या बंबाला पितळी तोटीचे ब्रेझिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत, रामबागेकडच्या वाड्यांत तर हमखास, तांब्याचा बंब अजून जपून ठेवलेला असतो. त्याची गळणारी तोटी बदलण्यासाठी लोक कसेरा बाजारात जातात. काही जण घरीच गॅसचा टॉर्च हाती घेतात. दोन्ही ठिकाणी तेच प्रश्न निघतात, म्हणून उत्तरे एकाच कामाभोवती दिली आहेत: १ मिमी जाडीच्या तांब्याच्या पत्र्यात २१ मिमी व्यासाची पितळी नळी (जिच्यावर पुढे तोटी बसते) सळईने पक्की करणे. पाइप आणि युनियनचे काम याच तत्त्वावर चालते. जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

डाख देऊन भागत असताना ब्रेझिंग कशाला?

शिसे-कथिलाचा नेहमीचा डाख १८३ अंशांपासून वितळू लागतो. बंबात पाणी आहे तोवर काही होत नाही. पण निखारे तसेच राहिले आणि पाणी संपले, तर पत्रा बघता बघता त्यापुढे जातो आणि सांधा सुटतो. शिवाय तोटीला रोज हिसके बसतात आणि डाख मऊ असतो. ४५० अंशांच्या वर वितळणाऱ्या सळईने सांधला, पण मूळ धातू वितळू दिला नाही, तर ते ब्रेझिंग. तांबे १०८५ अंशांना वितळते. पितळ त्यातील जस्ताच्या प्रमाणानुसार साधारण ९०० ते ९५० अंशांच्या आसपास वितळू लागते. म्हणजे काम करायला जागा आहे, पण पितळाच्या बाजूने ती फार नाही.

कोणती सळई घ्यावी?

सियागंजमध्ये सळई मागितली की बहुधा तीन प्रकार पुढे येतात.

पहिली पितळी सळई. ती ८७०–९०० अंशांच्या सुमारास वितळते, म्हणजे आपली नळीही त्याच वेळी वितळून खाली बसायला लागते. पितळ सांधायला ती घेऊ नका.

दुसरी तांबे-फॉस्फरसची, सुमारे ७ टक्के फॉस्फरस असलेली. ती ७१० अंशांना मऊ होऊ लागते आणि ७९३ च्या आसपास पूर्ण पातळ होते. स्वस्त आहे. तांब्याला तांबे जोडताना तिला फ्लक्स, म्हणजे धातूवरचा ऑक्साइड काढून टाकणारा पदार्थ, लागत नाही, कारण फॉस्फरसच तांब्याचा ऑक्साइड ओढून घेतो. पण एक बाजू पितळाची असली की फ्लक्स हवाच. दुकानदार अनेकदा "हिला फ्लक्स नको" एवढेच सांगतो आणि अर्धी गोष्ट राहून जाते. ही सळई लोखंडावर वापरू नये, तिथे ठिसूळ थर तयार होतो.

तिसरी चांदीची. ४५ टक्के चांदी आणि थोडे कथिल असलेली सळई साधारण ६४५ ते ६८० अंशांत वितळते. या कामाला मी हीच सुचवतो. पितळ वितळण्याच्या सव्वादोनशे अंश खाली काम होते आणि सांधा हिसके सोसतो. महाग असते, हे खरे. पण लागते किती, ते पुढे पाहा.

घेताना कॅडमियमविरहित आहे ना, हे पाकिटावर वाचून घ्या. कॅडमियमच्या जुन्या सळया फार सुरेख वाहतात, म्हणून काही कारागिरांना अजून आवडतात. पण तापल्यावर निघणारा कॅडमियमचा धूर फुफ्फुसांना इतका घातक आहे की एकाच दिवसाच्या कामाने जीव गेल्याची उदाहरणे आहेत. अशी सळई घरात ठेवूसुद्धा नये.

सांध्यातली फट किती ठेवावी?

चांदीच्या सळईसाठी, काम तापलेले असताना, प्रत्येक बाजूला ०.०५ ते ०.१० मिमी. या एका आकड्यावर निम्मे काम ठरते.

वितळलेली सळई फटीत शिरते ती केशाकर्षणाने. दोन पृष्ठभाग जवळ असले की ते द्रवाला आत ओढतात. फट ०.०२ मिमीपेक्षाही कमी झाली तर फ्लक्सला बाहेर पडायला वाट मिळत नाही, तो आतच अडकतो आणि तिथे पोकळी राहते. फट ०.२० च्या पुढे गेली की ओढ कमी पडते. धातू तोंडाशी साचतो, वरून सुरेख दिसतो आणि आत पोकळ असतो. असा सांधा हाताला घट्ट लागतो, म्हणून फसवतो.

मोजायचे कसे? व्हर्नियर कॅलिपरने भोकाचा आतला व्यास घ्या, नळीचा बाहेरचा व्यास घ्या, वजाबाकी करा आणि तिचे निम्मे करा. हे निम्मे करणे विसरू नका. नळी २१.०० आणि भोक २१.१६ असेल तर फट ०.०८ झाली, ०.१६ नव्हे. कॅलिपर नसेल तर नळी हाताने सरकली पाहिजे, हातोडी लागता कामा नये आणि आत गेल्यावर डुगडुगता कामा नये.

थंड असताना मोजलेली फट तापल्यावर तीच राहते का?

नाही. या कामात ती कमी होते. पितळ तांब्यापेक्षा जास्त फुगते: तांबे दर अंशाला दर मीटरमागे सुमारे १७ मायक्रॉन, तर पितळ सुमारे २०. आपल्याकडे पितळ आत आहे आणि तांबे बाहेर. २१ मिमी व्यासावर ६५० अंशांची वाढ धरली तर पितळी नळी भोकापेक्षा ०.०४ मिमी जास्त फुगते. म्हणजे प्रत्येक बाजूची फट ०.०२ ने घटते. म्हणून थंड असताना ०.०८ ठेवली की तापल्यावर ०.०६ मिळते, जी हवी तीच आहे.

तांब्याचा पाइप पितळी युनियनमध्ये घालत असाल तर उलटे होते. बाहेरचे पितळ जास्त फुगून फट वाढते. तिथे थंडपणी ०.०५ पुरते.

हा हिशेब दोन्ही धातू सारखे तापले आहेत असे धरून केला. नळी आधी तापवली तर काय होते? समजा पितळ ६५० वर आहे आणि सभोवतीचा पत्रा अजून २०० वर. नळीचा व्यास ०.२६ मिमी वाढला, भोकाचा फक्त ०.०६. फरक ०.२० चा आणि आपण जागा ठेवली होती ०.१६ ची. फट मिटली. नळी पत्र्यात आवळून बसली आणि फ्लक्स बाहेर ढकलला गेला. आता कितीही सळई लावा, आत जाणार नाही. ज्योत आधी तांब्यावर फिरवायची, ती या कारणाने.

पत्रा जेमतेम १ मिमी आहे. एवढ्याशा कडेवर सांधा टिकेल?

टिकणार नाही. लाग, म्हणजे दोन भाग एकमेकांवर येण्याची लांबी, पातळ भागाच्या जाडीच्या किमान तिप्पट हवी, म्हणजे इथे ३ मिमी. मी ४ धरतो. त्यासाठी पत्र्याला बाहेरच्या बाजूने गळा काढायचा. साधारण १५ मिमीचे भोक पाडा, भोकाभोवतीचा भाग मंद लाल होईतो तापवून मऊ करा आणि निमुळता पंच आतून बाहेर ठोकत कड उभी करा. निम्म्यावर आल्यावर पुन्हा एकदा तापवून मऊ करा. तांबे ठोकता ठोकता कडक होते, आणि ही दुसरी तापवणी टाळली की कडेला चीर पडते. शेवटी आतून गोल कानस किंवा रीमर फिरवून २१.१६ वर आणा.

नळी तयार घेता येते. पण माप जमत नसेल तर लेथवर काढून घ्यावी. पितळाचे लेथकाम करणारे इंदूरला आहेत, पिथमपूरच्या कारखान्यांमुळे ती सोय चांगली आहे. फार गुळगुळीत घासू नका, बारीक एमरीचे ओरखडे फटीत धातू पसरायला मदतच करतात.

जुना डाख काढलाच पाहिजे का?

काढलाच पाहिजे, तोही पूर्ण. शिसे-कथिल राहिले तर ते तापताना तांबे-पितळात मुरते, सळईत मिसळते आणि सांधा ठिसूळ होतो. धातू पाझरण्याऐवजी करड्या गोळ्यांसारखा साचू लागला तर बहुतेक वेळा जुना डाखच कारण असतो. जागा हलकी तापवून डाख पुसून घ्या, मग कानशीने गुलाबी, ताजे तांबे दिसेपर्यंत घासा. बंबाला आतून कल्हई असेल तर सांध्याभोवतीची दोन बोटे तीही खरवडा. ब्रेझिंग झाल्यावर कल्हई पुन्हा करता येते. कथिल २३२ अंशांना वितळते, तेवढ्याने चांदीच्या सांध्याला काही होत नाही.

घासल्यावर त्या जागेला बोट लावू नका. हाताचे तेल पुरेसे असते.

फ्लक्स कोणता? घरातला टाकणखार चालेल का?

पितळी सळईच्या कामाला टाकणखार चालतो. चांदीच्या सळईला नाही. नुसता टाकणखार नीट पातळ होऊन काम करू लागतो तो साधारण ७५० अंशांच्या पुढे, आणि आपली सळई तोवर वितळून गेलेली असते. चांदीच्या ब्रेझिंगसाठी पोटॅशियम फ्लोराइड-बोरेटची पांढरी पेस्ट मिळते, ती घ्या. ती ५५० च्या सुमारास जागी होते.

पेस्ट दोन्ही भागांना, गळ्याच्या आत आणि नळीच्या बाहेर, ब्रशने लावा. नळी आत सरकवताना एक वेढा फिरवा म्हणजे ती सगळीकडे पसरते. बाहेर बोटभर पट्ट्यावरही लावा, तापलेला पत्रा तिथे काळा पडत नाही. डबीतली पेस्ट सुकली असेल तर थोडे ऊर्ध्वपातित पाणी घालून सारखी करा.

फ्लक्सचे दुसरे काम तापमान सांगण्याचे. १०० अंशांना पाणी उकळून बुडबुडे येतात. सुमारे ३०० ला ती पांढरी, फुगीर होते. मग बसते आणि दुधाळ दिसते. ६०० च्या आसपास ती पाण्यासारखी स्वच्छ होऊन पत्र्यावर पसरते आणि खालचे तांबे चकचकीत दिसते. सळई लावायची वेळ हीच. धातूच्या लालीवर विसंबू नका. इंदूरच्या एप्रिलमधल्या उन्हात ६५० अंशांचा मंद लाल रंग दिसतच नाही, आणि तो दिसेपर्यंत तापवत राहिलात तर काम बिघडलेले असते. सावलीत काम करा आणि डोळे फ्लक्सवर ठेवा.

ज्योत कशी असावी आणि कुठे?

बंब म्हणजे उष्णता पिणारा मोठा पत्रा. तांबे पितळाच्या तिप्पटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. हातातला छोटा एलपीजी टॉर्च पाइपच्या सांध्याला पुरतो, इथे नाही. ऑक्सिजन-एलपीजी हवे, मोठ्या तोंडाचे नोझल हवे. ज्योत मऊ, पसरट आणि तटस्थ ठेवा, किंवा इंधन किंचित जास्त. फुसफुसणारी, टोकदार, ऑक्सिजनने भरलेली ज्योत पत्र्यावर काळी साय आणते आणि फ्लक्स तिथेच खर्ची पडतो. इंधन फार जास्त करणेही नको: तांब्यात ऑक्सिजन असेल (विजेच्या कामाच्या तांब्यात असतो) तर हायड्रोजनयुक्त ज्योतीत ते आतून भेगाळते.

बंब आडवा ठेवा, गळा वर येईल असा. झाकण आणि सगळी तोंडे उघडी, आत पाण्याचा थेंबही नाही. बंद भांड्यात अडकलेली वाफ ते फोडू शकते, इथे घाई करू नका.

आधी गळ्याभोवती वीतभर वर्तुळ सतत फिरत्या ज्योतीने तापवा. फ्लक्स पांढरा होऊन बसला की ज्योत गळ्यावर आणा. तो दुधाळ झाला की नळीलाही थोडी आच द्या, पण नळीच्या वरच्या टोकाला नको, बुडाला. दोन्हीकडचा फ्लक्स एकाच वेळी स्वच्छ झाला म्हणजे दोन्ही धातू जुळले. एकीकडे स्वच्छ आणि दुसरीकडे पांढरा असेल तर ज्योत पांढऱ्याकडे न्या आणि थांबा.

आता सळईचे टोक फटीच्या तोंडाला टेकवा. ज्योत सळईवर मारायची नाही. धातूच्या उष्णतेने ती वितळली पाहिजे. वितळलेली सळई उष्णतेकडे धावते, म्हणून ज्योत गळ्याच्या खालच्या अंगाला न्या, धातू फटीतून तिकडे ओढला जाईल. तोंडाभोवती एकाच दिशेने फिरत या. दोन्ही बाजूंनी भरू नका, मधली हवा आणि फ्लक्स कोंडून राहतात.

पूर्ण झाल्यावर ज्योत हळूहळू दूर न्या आणि धातू गोठेपर्यंत नळीला धक्का लागू देऊ नका.

सळई किती लागेल?

तापलेली फट ०.०६ मिमी, घेर ६६ मिमी, लाग ४ मिमी. गुणाकार सुमारे १६ घन मिमी. वर आणि खाली छोटी गोलाई, मिळून आणखी साधारण ४० घन मिमी. एकूण ५५. दीड मिमी जाडीच्या सळईचे हे सुमारे ३० मिमी होतात, सांडलवंड धरून ४०. चांदी महाग म्हणून कचरणाऱ्यांनी हे पाहावे. फट ०.३० ठेवली असती तर फटीतच ८० घन मिमी गेले असते आणि सांधा तरीही कच्चा.

सळई चार-पाच सेंटिमीटरवर वाकवून ठेवा. वाकलेला भाग संपूनही ती पितच असेल तर थांबा, फट कुठेतरी मोठी आहे किंवा धातू आत सांडतो आहे.

चांगला सांधा ओळखायचा कसा?

वरून भरला, तर खालून, म्हणजे बंबाच्या आत, नळीभोवती अखंड चंदेरी रेघ दिसली पाहिजे. लहान आरसा आणि विजेरी घेऊन बघा. ही रेघ हाच पाझराचा पुरावा, वरची गोलाई कितीही देखणी असो. वरची कड आत वळलेली, पातळ होत धातूला मिळणारी असावी. फुगीर, कडेला थांबलेला थेंब म्हणजे धातू थंड होता किंवा मळका.

बिघाड वाचायला शिका. सळई गोळा होऊन घरंगळली तर आच कमी किंवा डाख, तेल राहिले आहे. फ्लक्स काळपट-हिरवट, काचेसारखा कडक झाला तर तो संपला, कारण फार वेळ तापवले. पितळावरून पांढरा धूर निघाला आणि पृष्ठभागाला बारीक खड्डे पडले तर जस्त उडते आहे. ते ९०७ अंशांना उकळते, म्हणजे तुम्ही फारच पुढे गेलात. ज्योत लगेच काढा. तो धूर नाकात गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, कामगार त्याला चांगले ओळखतात. काम मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून करा. फ्लक्सचा धूरही घ्यायचा नाही.

सांधा उत्तम दिसतो पण नळीलाच उभी चीर आली, असे झाले तर दोष बहुधा पितळात होता. ताणून काढलेल्या नळीत ताण साठलेला असतो. वितळलेला धातू लागला की ती तिथे फाटते. अशी नळी आधी मंद लालीपर्यंत तापवून, निवू देऊन मग वापरावी. शिसे जास्त असलेले पितळही चिरते.

धुणे इतके गरजेचे का?

गोठलेला फ्लक्स हवेतले पाणी ओढतो आणि तांब्याला हिरवा गंज आणतो. शिवाय त्याची काच सूक्ष्म भोक बुजवून ठेवते. चाचणीत सांधा पास होतो, महिन्याभराने फ्लक्स विरघळतो आणि गळती सुरू होते. लाली गेल्यावर भांडे थोडे निवू द्या (पितळावर लगेच पाणी ओतले तर चिरेल), मग चांगल्या गरम पाण्यात भिजवून ताठ ब्रशने घासा. बंबाच्या आतूनही. पहिली दोन-तीन वेळची पाणी भरून, तापवून, टाकून द्या.

काळेपणा राहिला तर दहा टक्के सल्फ्युरिक आम्लात बुडवतात. आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात कधीच नाही.

गळतोय. वरून आणखी थोडी सळई लावू?

एखादे टाचणीएवढे छिद्र असेल आणि आतली रेघ अखंड असेल तर लावता येते. जागा घासा, नवा फ्लक्स लावा, पूर्ण सांधा पुन्हा तापमानाला आणा आणि मग सळई द्या. फक्त छिद्रावर ज्योत रोखू नका. मात्र सळईची वितळण्याची पातळी आता थोडी वर गेलेली असते, कारण तिच्यात मूळ तांबे-पितळ मुरलेले असते.

आतली रेघ निम्म्या घेरात नसेल तर वरून थापण्यात अर्थ नाही. पूर्ण तापवा, नळी काढून घ्या, दोन्ही भाग साफ करा आणि फट पुन्हा मोजा. एकदा वितळून काढलेल्या गळ्याचे भोक बहुधा अंडाकृती झालेले असते, तेव्हा व्यास दोन दिशांनी घ्या. फरक ०.१ मिमीपेक्षा जास्त निघाला तर गोल दांडा घालून लाकडी हातोडीने कड सारखी करा आणि मगच फ्लक्सची डबी उघडा.